ट्रॅमाडॉलची स्ट्रिप घरात आली की काय वाचावं, काय मोजावं आणि ती कशी सोडावी

ग्वाल्हेरला लष्कर भागात आमचं मेडिकल आहे आणि मी रोज काउंटरवर बसते. गुडघ्याचं ऑपरेशन, मणक्याचं दुखणं, मोडलेलं हाड, नागीण असं काही झालं की डॉक्टरांच्या चिठ्ठीत बरेचदा ट्रॅमाडॉल हे अफूसारखं काम करणारं दुखण्यावरचं औषध येतं. एकटं, ५० मिलिग्रॅमचं, किंवा पॅरासिटामॉलबरोबर जोडीनं. इथले लोक त्याला ‘दर्द वाला पत्ता’ म्हणतात आणि घरी नेऊन इतर गोळ्यांच्या डब्यात टाकतात. पण ही स्ट्रिप इतरांसारखी नाही. ती हाताळायची रीत आमच्या गल्लीतल्या एका काकूंच्या उदाहरणानं सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे.

आधी स्ट्रिप उलटी करा

चकचकीत बाजूवर कंपनीनं ठेवलेलं नाव असतं. आपल्याला हवा आहे मागचा बारीक मजकूर. डाव्या वरच्या कोपऱ्यात लाल अक्षरांत एक खूण दिसेल: इंग्रजी ‘आर’, त्याच्या पायाला तिरपी काट मारलेली, आणि त्याच्या आधी चिकटून ‘एन’. नुसता ‘आर’ असेल तर औषध चिठ्ठीवर मिळणारं आहे. आधी ‘एन’ असेल तर ते एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखालीही येतं. ट्रॅमाडॉल या कायद्यात एप्रिल २०१८ मध्ये आलं. त्याआधीच्या जुन्या स्ट्रिपा पाहिलेले लोक म्हणूनच विचारतात, “पहिल्यांदा तर सहज मिळायचं, आता काय झालं?”

त्याच बाजूला लाल चौकट असते. तिच्यात शेड्यूल एच-वन असं लिहिलेलं असतं आणि खाली दोन वाक्यं: वैद्यकीय सल्ल्याशिवाय हे औषध घेणं धोक्याचं आहे, आणि नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय किरकोळ विक्री करू नये. हे शेड्यूल मार्च २०१४ पासून लागू आहे. त्यामुळे आम्हाला वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि नग लिहावे लागतात आणि ते रजिस्टर तीन वर्षं सांभाळावं लागतं. नाव विचारलं की काही जण दुखावतात. ती पोलिसात दिलेली तक्रार नव्हे, औषधाचा हिशेब आहे. मुलगा पुण्याहून व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांना दाखवून चिठ्ठी पाठवतो, तीही या औषधाला चालत नाही. टेलिमेडिसिनच्या २०२० च्या नियमांत एनडीपीएस कायद्यातली औषधं अशी लिहून द्यायला मनाई आहे. प्रत्यक्ष तपासणी लागतेच.

कोडीनलाही हीच लाल चौकट असते. ते अफूतून काढतात, आणि अफूचा सरकारी कारखाना आपल्या नीमचला आहे. अफूच्या शेतीवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोचं मुख्यालय तर ग्वाल्हेरातच, मोरारला. कोडीन बहुधा खोकल्याच्या पातळ औषधातून घरात येतं. ते पोटात गेल्यावर शरीर त्यातल्या काही भागाचं मॉर्फिन करतं. काहींच्या शरीरात हे फार वेगानं होतं आणि लहान मुलाचा श्वास मंदावू शकतो. म्हणून मोठ्यांच्या बाटलीतलं चमचाभर बारा वर्षांखालच्या मुलाला कधीही देऊ नका. ट्रॅमाडॉलचंही तसंच.

मग गोळ्या मोजा

एवढं सगळं वाचलंत तरी एक गोष्ट स्ट्रिपवर सापडत नाही: किती दिवस घ्यायचं. तिथे बहुधा ‘डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार’ एवढंच असतं. तो आकडा चिठ्ठीतच असतो आणि तो आपण स्ट्रिपवर आणायचा असतो.

काकूंचं वय सत्तर, गुडघा बदललेला. चिठ्ठीत ट्रॅमाडॉल ३७.५ आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅमची जोडगोळी, सकाळी एक, रात्री एक, सात दिवस. म्हणजे चौदा गोळ्या. मी दहाच्या दोन स्ट्रिपा दिल्या. ती माझी चूक होती. सहा गोळ्या जास्त गेल्या, आणि आठव्या दिवशी गुडघा ठणकला तेव्हा डब्यात गोळी होतीच.

तेव्हापासून मी स्ट्रिप कापून देते, आणि तुम्हीही तशीच मागा. फक्त औषधाचं नाव, बॅच नंबर आणि मुदतीची तारीख असलेला भाग आपल्या तुकड्यावर राहील असं बघा. घरी गेल्यावर पेनानं प्रत्येक खळग्याच्या मागे तारीख घाला. शेवटच्या खळग्यावरची तारीख उलटली आणि दुखणं उरलं, तर गोळी वाढवायची नाही, डॉक्टरकडे जायचं. जखम चिघळली आहे का, व्यायाम चुकतो आहे का, हे त्यांनी पाहिल्याशिवाय कळत नाही. तोवर गोळी ते दुखणं झाकून ठेवते.

डब्यातल्या बाकीच्या गोळ्या शेजारी मांडा

चिठ्ठी लिहिणाऱ्या हाडांच्या डॉक्टरांना आपण झोपेसाठी काय घेतो हे माहीत असेलच असं नाही. म्हणून सगळ्या गोळ्या पिशवीत घालून त्यांच्यासमोर ठेवाव्यात. तीन गोष्टी मी आवर्जून बघते.

पहिली, झोपेच्या किंवा घबराटीच्या गोळ्या, म्हणजे अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या, आणि दारू. ट्रॅमाडॉलबरोबर त्या श्वास मंद करतात आणि हे झोपेत होतं, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. दुसरी, उदासीवरची एसिटालोप्रामसारखी औषधं. दोन्ही मिळून मेंदूतलं सिरोटोनिन प्रमाणाबाहेर वाढू शकतं: हातपाय थरथरतात, घाम फुटतो, माणूस बेचैन होतो, झटकेही येऊ शकतात. ज्यांना आधीच फिट्स येतात त्यांनी तर हे आधीच सांगायला हवं, कारण ट्रॅमाडॉल एकट्यानंही झटका आणू शकतं. तिसरी, तापाची साधी गोळी. जोडगोळीत पॅरासिटामॉल असतंच. काकू पुढे दिवसाला दोनाऐवजी तीन जोडगोळ्या घेऊ लागल्या होत्या, म्हणजे ९७५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. त्यावर ताप म्हणून ६५० च्या तीन, म्हणजे १९५०. दिवसाचे २९२५ झाले. बऱ्याच डॉक्टरांच्या मते म्हाताऱ्या माणसानं तीन हजारांच्या पुढे जाऊ नये, आणि काकूंना वाटत होतं आपण दुखण्याची वेगळी आणि तापाची वेगळी गोळी घेतोय. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर ट्रॅमाडॉल शरीरात साचतं, तेही सांगून ठेवा.

सवय लागली हे कसं ओळखायचं

दोनाच्या तीन कशा झाल्या ते काकूंनाही नीट आठवत नव्हतं. पूर्वी एका गोळीनं दुपारपर्यंत बरं वाटायचं, मग अकरापर्यंतच, म्हणून दुपारची आली. स्ट्रिपा त्या दुसऱ्या एका दुकानातून जुन्या चिठ्ठीवर आणत राहिल्या. असे तीन महिने गेले. मग एका शुक्रवारी सुनेनं डबा पाहिला, चिडली आणि सगळ्या गोळ्या काढून घेतल्या.

शनिवारी संध्याकाळी काकूंना जांभयांवर जांभया. नाक आणि डोळे गळायला लागले, हातावर काटा उभा राहिला. घरच्यांनी सर्दी म्हणून वाफ दिली. रात्री पाय स्वस्थ राहीनात, सारखे हलवावेसे वाटत होते. पहाटे जुलाब सुरू झाले. रविवारी सून माझ्याकडे सर्दीचं औषध न्यायला आली, तेव्हा जांभया आणि पाय हे ऐकून मी विचारलं, “कोणती गोळी बंद केलीत का?”

सर्दीत अशा जांभया येत नाहीत आणि पायांची अशी तळमळ होत नाही. शेवटच्या गोळीनंतर साधारण अर्ध्या ते एका दिवसात हे सुरू होतं आणि गोळी घेतली की तास-दोन तासांत निवळतं. हीच खूण. आणि इथे एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. शरीराला सवय होणं म्हणजे माणूस व्यसनी होणं नव्हे. रोज काही आठवडे घेतलं तर कुणाचंही शरीर असं वागू शकतं. काकू तीन दिवस लाजेनं गप्प राहिल्या, “मी काय अफू खाते का गं?” म्हणत रडल्या. ही लाज माणसाला डॉक्टरपासून दूर ठेवते. दुखत नसतानाही गोळी हवीशी वाटणं, लपवून आणणं, दोन डॉक्टरांकडून चिठ्ठ्या घेणं हे मात्र पुढचं पाऊल आहे. त्यासाठी १४४४६ हा सरकारी व्यसनमुक्तीचा फोन आहे, आणि तिथे बोलण्यात काही कमीपणा नाही.

सोडायची कशी

स्वतः एकदम बंद करू नका, आणि घरच्यांनी हिसकावूनही घेऊ नका. सोमवारी डॉक्टरांनी काकूंना तेच सांगितलं: “एकदम बंद मत करना, अम्मा.” त्या कंपनीच्या गोळीला मधोमध खाच होती, म्हणून अर्धी करता येत होती. तीनवरून पहिल्या आठवड्यात अडीच, मग दोन, दीड, एक, अर्धी. आधी दुपारची गेली, रात्रीची सगळ्यात शेवटी, कारण झोप मोडली की धीर मोडतो. एका आठवड्यात पाय फार तळमळले तेव्हा डॉक्टरांनी पुढची पायरी आठवडाभर थांबवली. हा काकूंचा हिशेब, तुमचा तुमचे डॉक्टर ठरवतील. ‘एसआर’ लिहिलेली, हळूहळू विरघळणारी गोळी मात्र कधीही मोडू किंवा चावू नका. दिवसभराचं औषध एकदम सुटतं.

घरात कुणी ट्रॅमाडॉल घेत असताना हाका मारून, हलवून उठत नसेल, श्वास फार सावकाश किंवा घरघरत येत असेल, ओठ निळसर दिसत असतील, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, किंवा झटका आला असेल, तर ताबडतोब १०८ ला फोन करा. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका आणि स्ट्रिप बरोबर न्या.

उरलेल्या गोळ्या शेजारच्यांना देऊ नयेत. कचऱ्यातही टाकू नयेत. केंद्रीय औषध नियामकानं २०२५ मध्ये संडासात टाकून पाणी सोडायच्या सतरा औषधांची यादी दिली, तिच्यात ट्रॅमाडॉल आहे. बाकीच्या औषधांना हा उपाय लावू नका. काकूंच्या शेवटी चार अर्ध्या गोळ्या उरल्या होत्या. सुनेनं त्यांना हात धरून नेलं, त्यांनी स्वतः त्या टाकल्या आणि फ्लश दोनदा ओढला.