फोटोतली सरळ तलवार म्हणजे खंडाच नव्हे! नाव सांगताना या चुका टाळा

खंडेनवमीच्या आसपास मोबाईलवर तलवारींच्या फोटोंची रांग लागते. कुणी वाड्यातल्या देवघरातल्या पूजेचा फोटो टाकतं, कुणी संग्रहालयातल्या काचेच्या कपाटाचा. खाली प्रश्न एकच: "ही कुठली तलवार?" पातं सरळ असेल तर मराठवाड्यात उत्तरही बहुतेक एकच येतं, "खंडा". माळेगाव आणि अणदूर-नळदुर्गच्या खंडोबाला पिढ्यान्‌पिढ्या मानणाऱ्या मुलखात सरळ पातं दिसलं की खंडाच आठवणार, यात नवल नाही. पण दख्खनच्या संग्रहात दिसणाऱ्या सरळ तलवारींपैकी पुष्कळ खंडे नसून फिरंगी असतात. हा गोंधळ नेमका कुठे होतो आणि फोटोवरून तो कसा सोडवायचा, हे एका फोटोवरून पाहू.

फोटो असा. काचेच्या कपाटात आडवी ठेवलेली सरळ तलवार. मूठ भरगच्च: खाली रुंद पत्र्याचा बचाव, त्यातून बोटांवरून वर गेलेली रुंद परज, वर तबकडी आणि तबकडीतून पुढे आलेला वाकडा दांडा. कपाटातली चिठ्ठी सांगते, "खंडा". फोटो पाठवणाऱ्यालाही शंका नव्हती. त्याला फक्त शतक हवं होतं.

मूठ पाहून पात्याचं नाव ठेवू नका

अशी मूठ जुन्या खंड्यांना असते हे खरं. पण हीच मूठ फिरंगीलाही असते. तिच्यावरून एवढंच कळतं की मूठ हिंदुस्थानी आहे आणि तलवार जड हाताने, गरज पडली तर दोन हातांनी चालवायची सोय आहे. वरचा दांडा त्यासाठीच असतो, दुसरा हात त्यावर येतो. पात्याबद्दल ती काहीच सांगत नाही.

याचं कारण आपल्याकडच्या तलवारींच्या जोडणीत आहे. पात्याचा मागचा अणकुचीदार भाग मुठीच्या पोकळीत घालून गरम लाखेने किंवा राळेच्या मिश्रणाने बसवत. मूठ तापवली की लाख मऊ होते आणि पातं मोकळं होतं. त्यामुळे आजोबांचं पातं नातवाच्या नव्या मुठीत आणि लुटीतलं पातं आपल्या पसंतीच्या मुठीत बसवणं हे रोजचंच काम होतं. मूठ एका शतकातली आणि पातं दुसऱ्या, हे तर सर्रास दिसतं. मूठ एका खंडातली आणि पातं दुसऱ्या, हेही तितकंच. १५१० मध्ये गोवा घेतल्यानंतर पोर्तुगिजांच्या व्यापारातून युरोपी पाती दख्खनेत येत राहिली आणि इथल्या कारागिरांनी ती आपल्या मुठींत बसवली. तीच फिरंग किंवा फिरंगी.

याचं नावानिशी उदाहरण हवं असेल तर रघुजी भोसल्यांची तलवार पाहा. २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ती लंडनच्या लिलावात घेतली. मूठ मुल्हेरी घाटाची, म्हणजे इथलीच, पातं सरळ, एकधारी आणि युरोपी. पात्याच्या पाठीवर देवनागरीत "श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग" असा लेख आहे. मालकानेच नाव कोरून ठेवलंय, म्हणून वाद नाही. आपल्या फोटोतल्या तलवारीवर असं काही नव्हतं. म्हणून मुठीवर बोट ठेवून ती झाकली आणि फक्त पातं पाहिलं.

रुंदी डोळ्याने ठरवू नका, तीन जागी मोजा

खंड्याचं पातं दुधारी असतं आणि टोकाकडे रुंदावत जातं. टोक भोसकण्यासाठी नसतं. ते बोथट, गोलसर असतं, कारण हे हत्यार तोडण्याचं. एका कडेला, कधी दोन्हीकडे, पात्याला बळकटी देणारी नक्षीदार पट्टी ठोकलेली असते. जुन्या खंड्याची ही पट्टी फोटोत चटकन उठून दिसते. युरोपी पातं उलट असतं. ते मुठीपासून टोकाकडे सारखं निमुळतं होत जातं आणि टोकाला अणी असते.

स्क्रीनवर कागदाची कपटी धरा. मुठीलगत, मध्यभागी आणि टोकाच्या चार बोटं अलीकडे, अशा तीन जागी रुंदीच्या खुणा करा. आपल्या फोटोत तिसरी खूण पहिलीच्या जेमतेम दोन तृतीयांश आली. म्हणजे खंडा नाही? थांबा. इथेच बरेच जण घसरतात. फोटो मुठीच्या बाजूने तिरका काढला असेल तर लांबचं टोक लहान दिसतं आणि खंड्याचं रुंदावणं फोटोतच नाहीसं होतं. म्हणून आधी कपाटाची फळी पाहायची. फळीची पुढची आणि मागची कड टोकाकडे एकमेकींच्या जवळ येत असतील तर रुंदीच्या खुणांवर विश्वास ठेवू नका, समोरून काढलेला दुसरा फोटो मागा. आपल्या फोटोत कडा समांतर होत्या, त्यामुळे निमुळतेपणा खरा धरला.

मोबाईलचा रुंद कोनही असाच फसवतो. फोटोच्या कडेला आलेलं सरळ पातं किंचित वाकडं दिसतं आणि लोक त्याला तलवारीचा बाक समजतात. कपाटाची चौकट त्याच बाजूला वाकलेली दिसत असेल तर दोष पात्यात नसून कॅमेऱ्यात आहे.

आता बारकावे. पात्याच्या एका बाजूने चमकदार सपाट पट्टी टोकापर्यंत जात होती. ती पाठ, म्हणजे पातं एकधारी. मुठीपासून निघालेल्या दोन बारीक समांतर पन्हळी पात्याच्या मध्याच्या अलीकडेच संपत होत्या. मुठीतून दोन लांब पोलादी पट्ट्या पात्यावर उतरल्या होत्या आणि त्यांवर रिव्हेटचे ठिपके दिसत होते. मला यात सर्वांत बोलका वाटला तो हा शेवटचा तपशील. आयात केलेलं पातं आपल्या मुठीत घट्ट बसवायचं तर कारागीर ते दोन पट्ट्यांच्या चिमट्यात धरून रिव्हेट मारत. खंड्याच्या कडेची पट्टी आणि या पट्ट्या यांत गल्लत करू नका. खंड्याची पट्टी कडेने लांबवर जाते, या पट्ट्या पात्याच्या मध्यावर असतात आणि लवकर संपतात.

लांबीचा अंदाजही काढता येतो. आपल्याकडच्या मुठीत पकडीची जागा साधारण चार बोटांची, सात-आठ सेंटीमीटर असते. तेवढी लांबी कागदावर घेऊन पात्यावर किती वेळा बसते ते मोजा. इथे ती बारा वेळा बसली, म्हणजे पातं नव्वद सेंटीमीटरच्या आसपास. नेहमीच्या वाकड्या तलवारीत ती बहुधा दहाच्या आसपास बसते. हा अंदाजच आहे, मोजमाप म्हणून लिहू नका.

या सगळ्यावरून आम्ही लिहिलेलं नाव असं: "फिरंगी, मूठ हिंदुस्थानी, खंड्याच्या घाटाची, पातं सरळ, एकधारी, बहुधा युरोपी." शतक लिहिलं नाही. धोप का नाही, असं काहींनी विचारलं. दख्खनच्या लांब सरळ तलवारीला धोप म्हणतात, पण फिरंगी आणि धोप यांच्यातली रेघ केवळ फोटोवरून ओढणं मला पटत नाही.

छाप दिसला म्हणून पातं परदेशी ठरत नाही

पात्यावर धावता लांडगा दिसला की लोक लगेच जर्मनी म्हणतात. पासाऊ आणि झोलिंगनच्या पात्यांवर तो असे, हे खरं. दातेरी चंद्रकोरींची जोडी मूळची इटलीतली. पण गिऱ्हाईक ज्या छापाला जास्त पैसे देतं तो छाप दुसराही ठोकतो. युरोपातही एकमेकांचे छाप उचलले गेले आणि आपल्या लोहारांनीही चंद्रकोर भरपूर मारली. छाप हा पुरावा असतो, पण एकटा पुरेसा नसतो. पन्हळी, निमुळतेपणा आणि जोडणी तेच सांगत असतील तरच तो धरायचा.

दांडपट्ट्याला भरगच्च मुठीची तलवार समजू नका

बाजूने काढलेल्या फोटोत दांडपट्टा हमखास फसवतो. त्याचा हातमोज्यासारखा पोलादी खोबा भरगच्च मुठीसारखा दिसतो आणि पातंही सरळ, लांब, पुष्कळदा युरोपीच. इथे पकडीचा दांडा शोधा. तलवारीत पकड पात्याच्या रेषेतच असते. पट्ट्यात ती खोब्याच्या आत आडवी, कट्यारीसारखी असते. शिवाय खोबा मनगटाच्या मागे कोपराच्या दिशेने जातो आणि शेवटाला हात अडकवण्याची पट्टी असते. आतली पकड दिसत नसेल तर मागची लांबी पाहा, तेवढ्यावर निकाल लागतो.

वाकड्या तलवारींत भानगड कमी. तबकडीची मूठ असेल तर तलवार म्हणा. मूठ पिस्तुलाच्या दस्त्यासारखी एका बाजूला वळलेली, आडवी कांब लांब आणि पातं अरुंद, खूप बाकदार असेल तर शमशेर. तबकडीच्या मुठीत शमशेरचं इराणी पातंही बसवलेलं सापडतं. अशा वेळी मुठीलगतची धार पाहा. हिंदुस्थानी पात्यात मुठीजवळचा दोन-तीन बोटांचा भाग पुष्कळदा धार न लावता सोडलेला असतो, इराणी पात्यात धार थेट मुठीपर्यंत येते. म्यानातली तलवार असेल तर यातलं काही बोलूच नका, मुठीचं वर्णन करून थांबा.

ढाल आणि चिलखत

ढालीवरची चार फुलं शोभेची समजू नका. त्यांच्या मागे हातात धरायच्या पट्ट्यांच्या कड्या अडकवलेल्या असतात. म्हणून फुलांच्या संख्येवरून किंवा नक्षीवरून नाव काढण्यात अर्थ नाही. ढालीचं नाव ती कशाची आहे यावरून सांगा: गेंड्याच्या कातड्याची, म्हशीच्या कातड्याची की पोलादी. काळ्या रोगणाखाली कातडं आणि पोलाद फोटोत सारखंच दिसू शकतं. कडेचा फोटो असेल तर जाडीवरून कळतं, नसेल तर "ढाल, रोगण केलेली" एवढंच लिहा.

अंगावरच्या साहित्यात चुकीचं नाव सर्वाधिक मिळतं ते दस्तान्याला. लांबट, पन्हळीसारखा वळलेला पोलादी पत्रा कपाटात सुटा ठेवला की त्याला पायाचं चिलखत म्हणून टाकतात. तो कोपरापासून मनगटापर्यंत हाताला बांधायचा असतो. कोपराकडचं टोक वर निमुळतं, गोलसर असतं, मनगटाकडे एक छोटा पत्रा बिजागरीने जोडलेला असतो आणि पुष्कळदा पंजा झाकणारी कड्यांची जाळी किंवा कापडी तुकडा लोंबत असतो. चार सुटे चौकोनी पत्रे शेजारी मांडलेले दिसले तर त्यांना ढाली म्हणू नका. तो चारआईना. छाती, पाठ आणि दोन कुशी अशा चार बाजूंना तो कड्यांच्या चिलखतावरून बांधत. त्यातल्या दोन पत्र्यांना वरच्या कडेला अर्धगोल खाच असेल तर ते काखेखालचे, आणि पुरा संच आहे की नाही हे तिथून मोजायला सुरुवात करता येते.