टर्निंग पार्टचं कोटेशन: दर लिहिण्याआधीची तयारी

ड्रॉइंग हातात आलं की पहिला फोन गिऱ्हाइकाला करा आणि एका लॉटला किती नग लागणार ते विचारून घ्या. "वर्षाला ५००" हे उत्तर पुरेसं नाही. ५०० एकदम उचलणार की दर महिन्याला ४०-५० करून, यावर दर बदलतो. का बदलतो ते एका पिनवर पाहू: ईएन८ स्टील, लांबी ६० मिमी, त्यातले ४० मिमी २५ व्यासाचे आणि २० मिमी ३८ व्यासाचं डोकं. खालचे रुपये उदाहरणासाठी आहेत, तिथे तुमच्या शॉपचे आकडे घाला.

मटेरिअलचं वजन तयार पार्टवरून काढू नका, कापायच्या तुकड्यावरून काढा. दोन्ही बाजूंच्या फेसिंगला एकेक मिमी आणि बँडसॉच्या कापाला दोन मिमी धरले की लांबी ६४ मिमी होते. गोल स्टील बारचं मीटरला वजन म्हणजे व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणून ३८ च्या डोक्यासाठी घेतलेल्या ४० मिमीच्या बारचं ९.८८ किलो. तीन मीटरच्या बारमध्ये ४६ तुकडे निघतात आणि शेवटचा तुकडा वाया जातो. तोही तुम्ही विकतच घेतलेला असतो, म्हणून अख्ख्या बारचं वजन ४६ नं भागा: नगाला ६४४ ग्रॅम. किलोला ७५ रुपये दरानं ४८.३० होतात. जवळपास अर्धं स्टील चिप्समध्ये जातं. त्याचे नगाला सहाच रुपये वजा करा. भंगाराचा भाव आणि मिळणारं वजन, दोन्ही कागदावर दिसतात त्यापेक्षा कमीच भरतात. राहिले ४२.३०.

आता सायकल टाइम. ४० वरून २५ वर यायला रफिंगचे चार पास लागतील. कटिंग स्पीड मिनिटाला १८० मीटर धरला तर सरासरी ३२ व्यासाला सुमारे १८०० आरपीएम येतात, फीड ०.२५ घेतला की ४२ मिमीच्या एका पासला साडेपाच-सहा सेकंद. याच रीतीनं फिनिशिंग, फेसिंग, चँफर आणि दुसऱ्या सेटिंगमधलं डोक्याचं काम मोजलं की प्रत्यक्ष कटिंग भरतं ५० सेकंद. नवखा माणूस इथेच थांबतो आणि दर निम्मा लावून बसतो. टूल बदलणं आणि रॅपिड हालचाली यांना प्रत्येक सेटिंगमध्ये ८ सेकंद धरा. चक उघडून, जॉ साफ करून, नग बसवून सायकल सुरू करायला आणखी २०. दोन सेटिंगचे ५६ सेकंद झाले, कटिंगपेक्षा जास्त. एकूण १०६. इन्सर्ट फिरवणं, मापं घेणं, चहा-पाणी यांसाठी ८० टक्के कार्यक्षमता धरली की १३२ सेकंद, म्हणजे तासाला २७ नग. असाच पार्ट मशिनवर चालू असेल तर शिफ्टअखेरचे नग मोजून हा आकडा ताडून घ्या.

मशिनचा तासाचा दर शेजारच्या शॉपला विचारून लावू नका. १५ लाखांचं मशिन सात वर्षांत वसूल करायचं आणि ते वर्षाला खरोखर ३६०० तास चालतं, तर तासाला ६० रुपये त्याचेच. त्यावर व्याज, वीज, ऑपरेटर, मेंटेनन्स आणि कूलंट. भाडं, इन्स्पेक्टर आणि ऑफिसचा महिन्याचा खर्च सगळ्या मशिनच्या चालू तासांनी भागून त्यात मिळवा. समजा ४०० रुपये आले. मग नगाला मशिनिंग १४.७० पडतं.

सेटिंगचा हिशेब मात्र लॉटवर होतो. सॉफ्ट जॉ बोअर करणं, ऑफसेट घेणं, पहिला नग पास करून घेणं, असे दोन्ही सेटिंगना मिळून अडीच तास, म्हणजे १००० रुपये. ५०० च्या लॉटला नगामागे २ रुपये येतात. ५० च्या लॉटला २० येतात, अख्ख्या मशिनिंगपेक्षा जास्त.

इन्सर्टचे दीड, बार कापायचे तीन, डीबरिंग, ऑइलिंग आणि पॅकिंगचे दोन रुपये मिळवा. मग दोन टक्के रिजेक्शन आणि त्यावर दहा टक्के नफा. ५०० च्या लॉटला दर ७३.५० येतो, ५० च्या लॉटला ९३.७०. लहान लॉटला खरं तर दोन टक्केही पुरत नाहीत, कारण सेटिंगमध्येच दोन-तीन नग जातात.

म्हणून कोटेशनमध्ये दोन्ही दर आपापल्या लॉट साइझसमोर लिहा. स्टीलचा धरलेला दर आणि कोटेशनची मुदत नमूद करा, जीएसटी वेगळा दाखवा. पैसे ९० दिवसांनी मिळणार असतील तर तेवढ्या दिवसांचं मटेरिअलवरचं व्याजही दरात धरा. या पिनमध्ये निम्म्याहून जास्त पैसा स्टीलचाच अडकतो.