शेक टेबलवरचं मॉडेल: ‘पडलं नाही, म्हणजे मजबूत’ आणि इतर चुका

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात भूकंपरोधक इमारतीचं मॉडेल नसेल असं वर्ष सापडणं कठीण. एक साधा सांगाडा, एक तिरप्या आधारांचा सांगाडा, खाली मोटरने पुढेमागे हलणारं टेबल, म्हणजे शेक टेबल. बटण दाबलं की साधा कोसळावा आणि आधारवाला उभा राहावा, एवढीच अपेक्षा. पण ऐन परीक्षकांसमोर उलटंच घडतं. आधारवालं मॉडेल थरथरत राहतं, साधं निवांत असतं, आणि मागून कुणीतरी म्हणतं, “सर, हे साधंवालंच मजबूत दिसून रायलं न!”

मॉडेल बिघडलेलं नसतं. तुलना चुकलेली असते.

एकाच वेगावर निकाल लावणं

सगळ्यांत मोठी चूक हीच. प्रत्येक सांगाड्याची हलण्याची स्वतःची एक लय असते, तिला नैसर्गिक वारंवारता म्हणतात. टेबलाचा वेग त्या लयीशी जुळला की अनुनाद होतो आणि छताचं झुलणं टेबलाच्या कितीतरी पट वाढतं. वेग त्या लयीच्या बराच पुढे गेला की तेच छत पुन्हा शांत होतं.

उदाहरण घेऊ. बांबूच्या तीन मिलिमीटर जाडीच्या चार काड्यांचे खांब, मजल्याची उंची २० सेंटीमीटर, दोन मजले, आणि प्रत्येक मजल्यावर स्लॅबसकट अर्धा किलो वजन. छत बोटाने थोडं ओढून सोडा आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करा. समजा, चार सेकंदांत दहा झोके झाले. म्हणजे सेकंदाला अडीच, अर्थात २.५ हर्ट्झ. नववीच्या ध्वनीच्या धड्यातला हर्ट्झ तो हाच. याला ६० ने गुणलं की मोटरचा धोक्याचा वेग मिळतो: मिनिटाला १५० फेरे. आता दुसऱ्या सांगाड्याला दोन्ही मजल्यांवर दोऱ्याचे तिरपे आधार दिले आणि त्याची वारंवारता ६ हर्ट्झ भरली, म्हणजे ३६० फेरे.

तुमची गिअर मोटर ३०० फेऱ्यांची असेल आणि तुम्ही ती थेट पूर्ण वेगाने लावली, तर काय होईल? साधा सांगाडा १५० चा टप्पा क्षणात ओलांडून जातो, एखादा झोका खातो आणि स्थिरावतो. आधारवाला मात्र स्वतःच्या ३६० च्या अगदी जवळ येऊन नाचायला लागतो. डोळ्यांना दिसतं ते खरंच असतं, निष्कर्ष तेवढा चुकतो.

म्हणून ३६० च्या पुढे जाणारी मोटर घ्या, तिला डीसी स्पीड कंट्रोलर लावा आणि वेग सावकाश वाढवत न्या. प्रत्येक टप्प्यावर वीसेक सेकंद थांबा, छतामागे पट्टी उभी करून झुलणं मोजा आणि दोन्ही मॉडेलचा आलेख एकाच कागदावर काढा. दोन शिखरं वेगवेगळ्या जागी आलेली दिसतील. प्रकल्पाचा जीव त्या आलेखात आहे, कोसळण्याच्या तमाशात नाही. कंट्रोलरच्या बटणावरच्या आकड्यांवर मात्र विसंबू नका. वजन चढलं की मोटर मंदावते, तेव्हा चाकावर रंगाची खूण करून फेरे प्रत्यक्ष मोजा.

पंख्याचा रेग्युलेटर डीसी मोटरला जोडायचा प्रयत्न काही जण करतात. तो घरच्या विजेवर चालतो, त्याच्या वाटेला जाऊ नका. लाइट जाण्याची धास्ती असेल तर फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी १२ व्होल्टच्या मोटरला छान चालते.

मॉडेल टेबलावर नीट न बसवणं

ही चूक पटकन लक्षात येत नाही. दुहेरी टेपवर चिकटवलेलं मॉडेल जोराच्या धक्क्याला किंचित सरकतं आणि सरकलं की धक्का वर पोहोचतच नाही. साधा सांगाडा ‘टिकतो’ तो यामुळे. पायाभोवती पेन्सिलची रेघ मारून ठेवा आणि चाचणीनंतर पाहा. रेघ आणि पाया यांच्यात फट दिसली तर ती चाचणी रद्द समजा. पायाची फळी चार कोपऱ्यांत स्क्रू मारून घट्ट केली की प्रश्न मिटतो.

पायाखाली मुद्दाम गोट्या ठेवून वेगळं मॉडेल करायचं असेल तर जरूर करा, पण त्याला मध्यावर परत आणणारं काहीतरी हवं. चारही बाजूंनी रबर बँड लावा. नुसत्या गोट्यांवरचं मॉडेल हळूहळू कडेला जाऊन आपटतं.

वजन आणि काड्या सारख्या नसणं

पुठ्ठ्याचं हलकं मॉडेल हलतच नाही, अशी तक्रार असते. वजन कमी असल्यामुळे त्याची वारंवारता तुमच्या मोटरच्या आवाक्याबाहेर गेलेली असते. वजन चौपट केलं की वारंवारता निम्मी होते. किराणा दुकानातल्या काट्यावर प्रत्येक मजला तोलून घ्या आणि कमी पडेल तिथे वाळूच्या पुड्या घट्ट बांधा. सुटी वाळू टाकू नका. ती आतल्या आत घसरून झोका खाऊन टाकते आणि फुकटचं श्रेय त्या मॉडेलला मिळतं.

खांबांसाठी तुराट्या किंवा पऱ्हाट्या वापरायचा मोह आपल्याकडे होतोच, कारण बांधावर फुकट मिळतात. पण त्या बुडाशी जाड आणि शेंड्याला बारीक असतात. काडी तीनऐवजी साडेतीन मिलिमीटर जाड निघाली तर तिचा ताठपणा जवळजवळ दुप्पट होतो. मग तुलना रचनेची राहत नाही, काड्यांची होते. बुरडाकडून एकाच बांबूच्या, एकाच मापाच्या काड्या काढून घ्या.

आधार एकाच दिशेने, किंवा फक्त वरच्या मजल्यावर

दोरा ताण घेतो, दाब घेत नाही. एकच तिरपा दोरा असेल तर इमारत एकीकडे झुकताना तो काम करतो, उलट झुकताना ढिला पडतो. प्रत्येक चौकटीत फुलीसारखे दोन दोरे हवेत, तेही ताणलेले. बोटाने छेडल्यावर दोरा लुळा लागला तर तो नसल्यातच जमा.

‘पार्किंग’ म्हणून तळमजला मोकळा सोडून वर आधार देणं मात्र चूक म्हणून नव्हे, तिसरी रचना म्हणून मुद्दाम करून पाहावं. वरचा भाग एकसंध डब्यासारखा ताठ राहतो आणि सगळं वाकणं तळमजल्याच्या खांबांवर येतं. २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपात, केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादमध्ये, मोकळ्या तळमजल्याच्या अनेक बहुमजली इमारती पडल्या.

फलकावर नको ते लिहिणं

कंट्रोलरच्या बटणाभोवती ‘रिश्टर ५, ६, ७’ असे आकडे चिकटवलेले दिसतात. भूकंपाची तीव्रता आणि महत्ता यांत गल्लत झाली आहे, हे परीक्षकाला तिथेच कळतं. महत्ता भूकंपाच्या उगमाशी सुटलेल्या ऊर्जेवरून ठरते. तुमचं टेबल फक्त एका जागेचा धक्का दाखवतं, आणि फेरे दुप्पट केले की तो चौपट होतो. बटणाभोवती मिनिटाचे फेरे लिहा.

दुसरा हमखास प्रश्न किल्लारीचा असतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या त्या भूकंपाआधी तो भाग नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता, त्यामुळे ‘आपल्याकडे भूकंप येत नाही’ या शेऱ्याला ते उत्तर देता येतं. पण तिथली घरं पडली ती दगडमातीच्या जाड भिंतींची आणि जड माळवदाची. तुमचं मॉडेल खांब-तुळयांच्या सांगाड्याचं आहे. आधारांच्या दोऱ्यांनी किल्लारीची घरं वाचली असती असं सांगू नका. तशा घराबद्दल बोलायचं असेल तर मातीच्या छोट्या विटांच्या भिंती रचून, एका मॉडेलला चारही भिंतींवरून सलग फिरणारी लाकडी पट्टी द्या, दुसऱ्याला देऊ नका. कोपरे आधी कुठे उघडतात ते टेबलावर दिसेल.