नाकातला एमआरएसए आणि काखेतलं गळू

सर्जरीत नव्याने येणाऱ्या इंटर्न मंडळींसाठी लिहितेय. पहिल्याच महिन्यात माझी एक चूक झाली होती. हर्नियाच्या ऑपरेशनआधी घेतलेल्या नाकाच्या स्वॅबचा रिपोर्ट 'एमआरएसए पॉझिटिव्ह' आला आणि मी केसपेपरवर थेट लिनेझोलिड लिहिलं. मॅडमनी विचारलं, "ताप आहे? कुठे लाली, सूज, पू?" काहीच नव्हतं. "मग इलाज कशावर करतेयस, रिपोर्टवर?" गोळी तिथेच बंद झाली.

स्टॅफ ऑरियस साधारण तिघांतल्या एकाच्या नाकात काहीही त्रास न देता राहतो. कुणाच्या नाकात, काखेत, जांघेत त्याचा मेथिसिलिनला दाद न देणारा प्रकार असतो, तोच एमआरएसए. हे झालं कॅरेज. तोच जंतू त्वचेतून आत शिरला, जागा लाल-गरम झाली, ठणकू लागली, पू धरला, की ते इन्फेक्शन. नाकाचा रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून गळवात एमआरएसए नाही, असंही समजू नका.

त्यानंतर सत्तावीस वर्षांचा एक तरुण काखमांजरी घेऊन आला. गळू चार सेंटीमीटरचं, दाबल्यावर आत पू हलत होता, ताप नव्हता. "इंजेक्शन देऊन जिरवता येईल का?" पिकलेलं गळू तसं जिरत नाही. पुवाच्या पोकळीत रक्तपुरवठा नसतो, औषध पुरेसं पोचत नाही. चीर हाच खरा इलाज.

सुजलेल्या आम्लधर्मी जागेत लिग्नोकेन नीट लागत नाही, म्हणून ते गळवाभोवती गोल दिलं. काखेत खोल मोठ्या रक्तवाहिन्या असतात, त्यामुळे सुरीने फक्त त्वचा कापली आणि बंद फोर्सेप्स आत घालून उघडली, ही हिल्टनची पद्धत. आतला पू कल्चरला पाठवला, बोटाने पडदे मोडले, सलाइनने धुतलं. जखम शिवली नाही. गॉज ठासून भरू नका. पू आतच अडकतो.

गळू दोन सेंटीमीटरपेक्षा मोठं असल्याने, सल्फाची अ‍ॅलर्जी विचारून, को-ट्रायमोक्साझोलही दिलं. कल्चरमध्ये एमआरएसएच आला आणि जंतू त्या औषधाला दाद देणारा निघाला.

ड्रेसिंगच्या वेळी बोलता बोलता कळलं, की सहा महिन्यांतलं हे तिसरं गळू. बायकोच्या मांडीवरही एक येऊन गेलं होतं आणि टॉवेल दोघांचा एकच. डीकॉलनायझेशनचा विचार करायचा तो इथे. एकाच गळवासाठी करत बसलो तर म्युपिरोसिनला न जुमानणारे जंतू वाढतात. आधी टॉवेल, रेझर वेगळे करायला लावले. जखम भरल्यावर दोघांनाही एकाच वेळी पाच दिवस दोन टक्के म्युपिरोसिन दोन्ही नाकपुड्यांत दिवसातून दोनदा आणि चार टक्के क्लोरहेक्सिडिनने रोज आंघोळ सांगितली. ते डोळ्यांत, कानांत जाऊ देऊ नका, हे दोनदा बजावलं. जंतू काही महिन्यांत परत वस्तीला येऊ शकतो, हेही तेव्हाच सांगून टाकलं.

त्याने विचारलं, "मग आता नाक परत तपासायचं का?" म्हटलं, नको, नवं गळू आलं तर लगेच ये.