सरांच्या निरोपाचं भाषण लिहिताय? या चुका टाळा

खानदेशात एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात शाळाशाळांमधून सेवापूर्ती सोहळे सुरू होतात. जुन्या काळी गुरुजींनी शाळेत नाव घालताना ज्यांची जन्मतारीख सरसकट १ जून लिहिली, असे अनेक शिक्षक आपल्याकडे आहेत. नियम असा, की वयाची ५८ वर्षे ज्या महिन्यात पूर्ण होतात त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती. पण जन्म एक तारखेचा असेल तर आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. म्हणून १ जून १९६८ चा जन्म असलेले सर ३१ मे २०२६ ला निवृत्त होतात. तेव्हा शाळेला सुट्टी असते, मुलं मामाच्या गावी असतात, म्हणून कार्यक्रम महिनाभर आधी उरकला जातो.

हे सगळं सांगायचं कारण, माजी विद्यार्थ्यांच्या भाषणातली सर्वात मोठी चूक इथूनच सुरू होते. सर अजून नोकरीत आहेत, समोर खुर्चीवर शाल पांघरून बसले आहेत, आणि आपण म्हणतो, "सर खूप प्रेमळ होते."

मी बरीच वर्षं अशा कार्यक्रमांचं सूत्रसंचालन करतो. त्यामुळे आदल्या दिवशी कुणी ना कुणी भाषणाचा कागद दाखवायला येतंच. मागच्या वर्षी पारोळा तालुक्यातला एक माजी विद्यार्थी आला होता. त्याच्या कागदाची सुरुवात अशी होती: "आदरणीय सर अत्यंत शिस्तप्रिय, प्रेमळ, मनमिळाऊ व कष्टाळू व्यक्तिमत्त्व होते. त्यांच्या जाण्याने शाळेत कधीही न भरून निघणारी पोकळी निर्माण झाली आहे. त्यांच्या आठवणी आमच्या हृदयात सदैव जिवंत राहतील."

मी त्याला एवढंच म्हटलं, की हे डोळे मिटून ऐक आणि सांग, कार्यक्रम कसला आहे. त्याने स्वतःच कागद खाली ठेवला. "जाण्याने", "पोकळी", "उणीव", "आठवणी जिवंत राहतील" हे शब्द आपण दशक्रियेच्या दिवशी आणि श्रद्धांजलीच्या फलकावर वाचत आलो आहोत. ते कानावर पडले की समोर बसलेल्या सरांच्या आईच्या किंवा पत्नीच्या जिवाला चुटपुट लागते, बोलणाऱ्याच्या मनात तसं काही नसलं तरी.

दुरुस्ती सोपी आहे. स्वभावाबद्दल बोलताना वर्तमानकाळ वापरा: सर शिस्तीचे आहेत, सर गणित शिकवतात. भूतकाळ फक्त घडलेल्या प्रसंगासाठी ठेवा: सर आले, त्यांनी विचारलं. आणि निवृत्तीबद्दल बोलताना तारीख सांगा: ३१ मेला सर निवृत्त होत आहेत. लिहून झालं की कागदावरच्या प्रत्येक "होते" आणि "होत्या"भोवती पेन्सिलीने गोल करा. प्रसंगातला असेल तर राहू द्या, माणसाच्या स्वभावावरचा असेल तर बदला. पारोळ्याच्या कागदात असे अकरा गोल निघाले, त्यातले आठ बदलावे लागले.

दुसरी चूक "आपण" या शब्दाची. मराठीत "आपण" म्हणजे आदराने तुम्ही, आणि "आपण" म्हणजे आम्ही-तुम्ही सगळे मिळून. "आपण शाळेमागे निंबाची झाडं लावली" असं म्हटलं, तर झाडं एकट्या सरांनी लावली की सगळ्या गावाने, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. शिवाय बोलणारा घाबरला की "आपण", "तुम्ही", "सर" आणि "ते" यांत उड्या मारत राहतो. मी सुचवतो ते असं: भाषणाचा बहुतेक भाग लोकांकडे बघून, सरांबद्दल सांगत बोला. तिथे "सर" आणि "त्यांनी" एवढंच येईल. मग शेवटी एकदाच सरांकडे वळा, "सर," म्हणून थांबा आणि "तुम्ही" म्हणा. एकदा वळल्यावर पुन्हा लोकांकडे जायचं नाही. ज्या सरांनी आपल्याला "अरे" म्हणत शिकवलं त्यांना "तुम्ही" म्हणण्यात आदर पुरेपूर आहे आणि जवळीकही आहे. "आपण" अध्यक्षांसाठी आणि मानपत्रासाठी राहू द्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत ज्यांना आयुष्यभर "गुरुजी" म्हटलं, त्यांना माईकवर "सर" करू नका. त्यांना आणि गावाला दोघांनाही ते परकं वाटतं.

आता विशेषणांचं. शिस्तप्रिय, मनमिळाऊ, विद्यार्थिप्रिय हे शब्द प्रास्ताविकात येऊन गेलेले असतात, मानपत्रात छापलेले असतात, आणि तुमच्या आधी बोललेल्या चौघांनी वापरलेले असतात. तुमच्या नंबरपर्यंत साडेअकरा वाजलेले असतात, मंडपात ऊन तापलेलं असतं आणि पंखे गरम हवाच फिरवत असतात. तेव्हा लोक मान वर करून ऐकतात ते फक्त त्यांना माहीत नसलेलं काही असेल तर. आपल्याकडे साने गुरुजींची उपमा तर ठरलेलीच. पण गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० अशी सहाच वर्षं होते आणि नोकरी सोडून स्वातंत्र्यलढ्यात गेले. पस्तीस वर्षं त्याच फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या माणसाचं मोठेपण वेगळं आहे. ते त्याच्याच आयुष्यातून सांगायला हवं.

पारोळ्याच्या त्या मुलाला, खरं तर आता चाळिशीला आलेल्या माणसाला, मी विचारलं: सरांनी तुझ्यासाठी शाळेच्या वेळापत्रकात नसलेलं काय केलं? बराच वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, "सर एकदा वावरात आले होते." आठवीत असताना कापूस वेचणीमुळे पंधरा दिवस त्याची शाळा बुडाली होती. एका संध्याकाळी सर सायकलने बांधावर आले. कापूस मोजणं चाललं होतं. वेचणीची मजुरी किलोवर, आणि प्रत्येक वजनातून पोत्याचे म्हणून दोन किलो वजा होत. सरांनी मुलाला रिकामं पोतं काट्याला लावायला सांगितलं. ते एक किलोही भरलं नाही.

यापेक्षा चांगलं भाषण मला तरी लिहिता आलं नसतं. आणि हे त्याच्या कागदावर कुठेच नव्हतं, कारण त्याला वाटलं, "हे काय सभेत सांगायचं?"

पण हाती प्रसंग आला म्हणजे काम संपलं नाही. प्रसंग सभेत नेण्याआधी, तो ऐकताना कोण कोण समोर असेल हे बघावं लागतं. ते वावर ज्यांचं होतं त्यांच्या घरातलं कुणी पहिल्या रांगेत असणार होतं. तालुक्याच्या गावी हे होतंच. त्यांना दुखावून सरांचा सत्कार होत नाही, उलट सरच अवघडतात. म्हणून आम्ही शेत कुणाचं ते काढून टाकलं आणि "तेव्हा सगळीकडे तशीच रीत होती" हे वाक्य घातलं. ते खरंही होतं.

माराच्या आठवणींना हीच कसोटी लावा. "सरांनी निंबाच्या फोकाने फोडून काढलं म्हणून आज मी इथे आहे" हे वाक्य प्रेमाने म्हटलं जातं, मला ते कळतं. पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला बंदी आहे, सर अजून सेवेत आहेत आणि व्यासपीठावर केंद्रप्रमुख किंवा गटशिक्षणाधिकारी बसलेले आहेत. सरांनी त्या वाक्यावर हसायचं की मान खाली घालायची? ती आठवण त्यांच्या ओट्यावर बसून काढा.

अहिराणीचा मोह सगळ्यांनाच होतो, आणि व्हावाच. चूक होते ती आख्खं भाषण अहिराणीत सुरू करून मध्येच पुस्तकी मराठीवर येण्यात. एकच वाक्य घ्या, आणि ते खरोखर कुणी बोललेलं असेल तेच. सर शिकवताना प्रमाण मराठी बोलत आणि बांधावर मुलाच्या बोलीत बोलले, हा फरक त्या एका वाक्यात आपोआप ऐकू येतो. रावेर-यावलकडे कार्यक्रम असेल तर हेही लक्षात घ्या की तिथल्या घराघरांत लेवा बोली आहे. तिथे अहिराणी वाक्य उसनं वाटेल.

व्यासपीठावरच्या सगळ्यांची नावं पुन्हा घेऊ नका, सूत्रसंचालकाने ती घेतलेली असतात. भाषण चार मिनिटांचं ठेवा. सावकाश मराठी बोलताना मिनिटाला शंभरच्या आसपास शब्द जातात, म्हणजे चारशे शब्द पुष्कळ झाले. पारोळ्याच्या माणसाचं तर त्याहून निम्म्यातच आलं. शेवटी तो जे बोलला ते त्याच्या परवानगीने इथे देतो:

"सर्वांना नमस्कार. मी २००३ च्या दहावीच्या बॅचचा विद्यार्थी. आठवीत असताना दिवाळीनंतर मी पंधरा दिवस शाळेत आलो नव्हतो. कापूस वेचणी सुरू होती, मी आईसोबत जात होतो. एका संध्याकाळी सर सायकलवरून बांधावर आले. शाळेत का येत नाहीस, असं त्यांनी विचारलं नाही. काट्याकडे बघून म्हणाले, 'पोऱ्या, कितलं व्हयनं?' मी म्हटलं, 'अठ्ठावीस.' 'आणि रिकामं पोतं किती भरतं?' ते मला माहीत नव्हतं. पोत्याचे दोन किलो वजा व्हायचे, तेव्हा सगळीकडे तशीच रीत होती. सरांनी मला रिकामं पोतं काट्याला लावायला सांगितलं. ते एक किलोही भरलं नाही. त्या रात्री मी आईला पंधरा दिवसांचा हिशोब करून दाखवला. सोमवारी आईनेच मला शाळेत पाठवलं. सर गणित शिकवतात, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. मला ते त्या बांधावर समजलं. आज मी जळगावात हिशोबाचंच काम करतो, आणि कुठल्याही कागदावर सही करण्याआधी रिकाम्या पोत्याचं वजन विचारतो.

सर, ३१ मेनंतर तुमची सकाळ मोकळी आहे. माझी मुलगी जूनमध्ये पाचवीत जाईल. तिला भागाकार येत नाही. पहिल्या रविवारी तिला घेऊन येतो. तुम्ही घरी असा."

"रिकाम्या पोत्याचं वजन" म्हणताना त्याचा आवाज फुटला. तसं होणार हे आम्हाला आधीच वाटलं होतं, म्हणून त्या वाक्यानंतर कागदावर मोकळी ओळ सोडून "पाणी" असं लिहून ठेवलं होतं. तो थांबला, दोन घोट पाणी प्यायला, आणि मग सरांकडे वळला. "तुम्ही घरी असा" म्हटल्यावर सर खुर्चीतूनच म्हणाले, "दहा वाजता आण."