माझा पहिला शार्प रेशो उणे आला

पुण्यात एका म्युच्युअल फंड वितरकाच्या ऑफिसात रिसर्च ट्रेनी म्हणून लागलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मॅडमनी दोन फंडांची नावं कागदावर लिहून दिली. "काकांचे दहा लाख आहेत. एकरकमी टाकायचेत. दोन्हींची तुलना करून ठेव, शार्पसकट." काका म्हणजे आमचे जुने क्लायंट, बँकेतून निवृत्त झालेले. फंडांची नावं इथे देत नाही. एक फ्लेक्सीकॅप होता, म्हणजे लहान-मोठ्या सगळ्या कंपन्यांचे शेअर घेणारा, त्याला अ म्हणू. दुसरा बॅलन्स्ड अॅडव्हांटेज, शेअर आणि रोखे यांचं प्रमाण बदलत ठेवणारा, तो ब. आकडेही सोयीसाठी थोडे गोल केले आहेत.

परीक्षेपुरता शार्प रेशो मला पाठ होता: फंडाच्या परताव्यातून बिनजोखमीचा परतावा वजा करा आणि उरलेल्याला फंडाच्या स्टँडर्ड डेव्हिएशनने, म्हणजे परताव्यातल्या चढउताराच्या मापाने, भागा. विल्यम शार्प यांनी 1966 साली म्युच्युअल फंडांच्याच तुलनेसाठी हे माप मांडलं. पुढे 1990 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या तिघांत ते होते. पाठ असणं आणि हाताने काढणं यात किती अंतर आहे, ते त्या दिवशी दुपारी कळलं.

फंड कंपनीच्या मासिक फॅक्टशीटमध्ये छापलेला आकडा उचलला असता तर पाच मिनिटांत काम झालं असतं. पण मॅडमचा नियम होता, आधी स्वतः काढायचा आणि मग फॅक्टशीटशी ताडून पाहायचा. म्हणून अॅम्फी या फंड कंपन्यांच्या संघटनेच्या साइटवरून दोन्ही फंडांची जुनी एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, उतरवली. प्रत्येक महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवसाची एनएव्ही ठेवली, बाकी ओळी उडवल्या. छत्तीस महिन्यांचे परतावे हवे असतील तर एनएव्ही सदतीस लागतात, हेही तेव्हाच उमगलं. पहिल्या खेपेला एक महिना कमीच भरला होता. C रकान्यात मासिक परतावे आणि F1 मध्ये बिनजोखमीचा वार्षिक दर ठेवला, की सूत्र एका ओळीचं आहे:

```
=(AVERAGE(C2:C37)*12-F1)/(STDEV.S(C2:C37)*SQRT(12))
```

वरच्या सरासरीला 12 ने गुणायचं आणि खालच्या चढउताराला मात्र 12 च्या वर्गमुळाने, इथे नवखे हमखास अडखळतात. महिन्यांचे परतावे एकमेकांत मिसळतात तेव्हा काही वर जातात, काही खाली, आणि बराच चढउतार आपसात फिटतो. बेरीज होते ती व्हेरियन्सची, आणि स्टँडर्ड डेव्हिएशन हे तिचं वर्गमूळ. शेजारच्या टेबलावरच्या मुलाने खालचा SQRT(12) विसरून अ फंडाचा रेशो दोनच्या घरात आणला होता. तीन वर्षांच्या इक्विटी फंडाला दोन दिसला, की आनंद मानण्याआधी सूत्र बघावं.

F1 मध्ये कोणता दर घालायचा? आपल्याकडच्या फॅक्टशीट तळटिपेत सांगतात: महिनाअखेरचा एफबीआयएल ओव्हरनाइट मायबोर, म्हणजे बँका एकमेकींना एका रात्रीपुरते पैसे देतात तो दर. मी 6.5 टक्के धरला. दोन फंड ताडताना दोन्हीकडे दर एकच असला पाहिजे. एकाची जूनची फॅक्टशीट आणि दुसऱ्याची सप्टेंबरची घेऊन बसलात, तर दरही वेगळा आणि काळही वेगळा.

अ फंडाचं नीट जुळलं. सरासरी वार्षिक परतावा 18 टक्के, स्टँडर्ड डेव्हिएशन 20 टक्के. बिनजोखमीच्या वर मिळाले 11.5, भागिले 20, म्हणजे 0.58. फॅक्टशीटमध्येही जवळपास तेवढाच. ब फंडाचा परतावा मात्र माझ्या शीटवर 5.3 टक्के दिसत होता, चढउतार 14 टक्के आणि रेशो उणे 0.09. फॅक्टशीट म्हणत होती, 0.73.

तासभर सूत्रच तपासत बसलो. शेवटी मॅडमनी खुर्ची ओढली आणि सूत्राकडे ढुंकूनही न पाहता म्हणाल्या, "परताव्यांचा रकाना लहान-मोठा लावून बघ." लावला, तर सगळ्यात वाईट तीन महिने तिन्ही वर्षांचे मार्च निघाले. त्यातल्या एका मार्चच्या रोजच्या एनएव्ही काढल्या: एका दिवशी 42.60, दुसऱ्या दिवशी 38.70. त्या दिवशी निफ्टी जागची हललीही नव्हती. एका दिवसात नऊ टक्के कुठे गेले? गुंतवणूकदारांच्या खात्यात. मी नफा फंडातच ठेवणाऱ्या ग्रोथ पर्यायाऐवजी आयडीसीडब्ल्यू पर्यायाची एनएव्ही उतरवली होती. पूर्वी ज्याला डिव्हिडंड पर्याय म्हणत, त्याचं 2021 च्या एप्रिलपासूनचं नाव. फंडाने युनिटमागे 3.90 रुपये वाटले, तेवढीच एनएव्ही उतरली, आणि माझ्या एक्सेलला तो तोटा वाटला. चूक दोन्ही बाजूंनी चावली: वरचा परतावा घटला आणि खालचा चढउतार फुगला. ग्रोथची एनएव्ही घातल्यावर परतावा 14.5, चढउतार 11, रेशो 0.73.

जाता जाता त्या उणे आकड्याबद्दल. मी शहाणपणा करून म्हणालो होतो, उणे असला तरी निदान उणे अर्धा तरी नाही. मॅडमनी विचारलं, "5.3 परतावा तसाच ठेव आणि चढउतार 14 चा 28 कर. काय येतं?" उणे 0.04. म्हणजे तेवढाच वाईट परतावा दुप्पट हेलकावे खात दिला, तर आकडा सुधारतो! वरची बाजू उणे झाली की भागाकार उलटा बोलायला लागतो. म्हणून उणे रेशोंची क्रमवारी लावायची नाही. परतावा आणि चढउतार वेगवेगळे मांडायचे.

आता 0.58 विरुद्ध 0.73 याचा अर्थ काकांना कसा सांगायचा? "दर एकक चढउतारामागे अतिरिक्त परतावा" म्हटलं असतं तर त्यांनी चहा संपवून निरोप घेतला असता. मॅडमची पद्धत मला अजून आवडते. दोन्ही फंड एकाच जोखमीवर आणायचे. अ चा चढउतार 20, ब चा 11. दहा लाखांतले साडेपाच लाख अ मध्ये आणि साडेचार लाख जवळपास न हलणाऱ्या लिक्विड फंडात ठेवले, तर एकूण हेलकावा 20 च्या 55 टक्के, म्हणजे 11, अगदी ब एवढाच. आणि परतावा? सगळ्या रकमेवर 6.5, अधिक 11.5 च्या 55 टक्के, मिळून 12.8. ब ने तेवढ्याच हेलकाव्यात 14.5 दिले होते. रेशोतला फरक म्हणजे हे वर्षाचे दहा लाखांमागचे सुमारे 17 हजार रुपये. काकांनी हे लगेच पकडलं, आणि पुढचा प्रश्न असा विचारला की मीच गप्प झालो: "पण सगळे दहा लाख अ मध्ये ठेवले असते, तर एक लाख ऐंशी हजार मिळाले असते ना?"

बरोबर होतं त्यांचं. शार्प सांगतो की पत्करलेल्या जोखमीचा मोबदला कुणी बरा दिला. कुणी जास्त पैसे दिले हे तो सांगत नाही. ब चा रेशो चांगला म्हणून तो अ एवढा परतावा देईल असं नाही, कारण त्यासाठी कर्ज काढून ब मध्ये जवळपास दीडपट रक्कम घालावी लागेल, आणि ते घरगुती गुंतवणूकदार करत नाही, करूही नये. पंचवीस वर्षांच्या मुलीला वीस वर्षं पैसे नको असतील, तर 0.58 वाला अ तिला जास्त सोयीचा असू शकतो. काकांना तीन वर्षांनी घराच्या कामासाठी पैसे लागणार होते. त्यांच्यासाठी हेलकावा हा खरा खर्च होता.

दुसरी गोष्ट मला जुन्या फॅक्टशीट चाळताना सापडली, आणि नव्याने या कामात येणाऱ्या प्रत्येकाला मी ती करून बघायला सांगतो. फेब्रुवारी 2023 आणि मार्च 2023 या लागोपाठच्या फॅक्टशीटमधला कुठल्याही इक्विटी फंडाचा शार्प शेजारी ठेवा. एका महिन्यात तो उडी मारतो. फंड मॅनेजरने काही केलेलं नसतं. छत्तीस महिन्यांच्या खिडकीतून मार्च 2020 बाहेर पडलेला असतो, एवढंच. नुसत्या निफ्टीवर बघा: फेब्रुवारी 2020 अखेर 11,202, तीन वर्षांनी 17,304, म्हणजे वर्षाला चक्रवाढीने 15.6 टक्के. मोजणी एक महिना पुढे सरकवा: 8,598 वरून 17,360, म्हणजे 26.4 टक्के. निफ्टी त्या महिन्यात 56 अंकांनी हलली, तरी तीन वर्षांचा परतावा दहा टक्क्यांहून जास्त वाढला. चढउताराचंही तेच. बाकीचे महिने साधारण पाच टक्क्यांच्या स्टँडर्ड डेव्हिएशनचे धरले, तर उणे 23 टक्क्यांच्या त्या एका महिन्यामुळे वार्षिक आकडा 17 वरून 22 वर जातो. म्हणजे रेशो 0.4 च्या आसपास होता, तो 1.2 च्या जवळ. त्या सुमारास 'शार्प एकच्या वर' अशी जाहिरात कुणी केली असेल तर ती खोटी नव्हती, पण फंडाबद्दल ती काही सांगतही नव्हती.

म्हणून एक फंड मार्च 2020 नंतर सुरू झाला असेल आणि दुसरा आधीचा, तर दोघांचा 'सुरुवातीपासूनचा' शार्प शेजारी लावणं म्हणजे एकाने पावसात धावायचं आणि दुसऱ्याने ऊन पडल्यावर. दोघांसाठी तेच छत्तीस महिने घ्यायचे.

तेच महिने घेतले तरी 0.15 चा फरक खरा मानायचा का, हा प्रश्न उरतोच. छत्तीसच महिने हातात असताना एका फंडाच्या वार्षिक शार्पमध्ये अर्ध्याहून अधिक एककाची चूक सहज असते. ढोबळ हिशोब म्हणजे एक भागिले वर्षांच्या संख्येचं वर्गमूळ, तीन वर्षांना साधारण 0.58. दोन फंड एकाच बाजारात एकदम वर-खाली होत असतील, तर दोघांच्या चुका बऱ्याच अंशी सारख्या असतात आणि फरकातली चूक कमी होते. अ आणि ब च्या मासिक परताव्यांचा परस्परसंबंध 0.9 निघाला, त्यावरून ती 0.26 च्या आसपास येते. आमचा फरक 0.15. म्हणजे ब वरचढ आहे असं ठासून म्हणण्याएवढा पुरावा त्या शीटमध्ये नव्हता.

मग दहा वर्षांचा डेटा काढला आणि छत्तीस महिन्यांची खिडकी एकेक महिना सरकवत नेली. अशा 85 खिडक्या बसतात, त्यांतल्या 61 मध्ये ब पुढे होता. मी खुश. मॅडमनी तेवढ्यावरही पाणी टाकलं: शेजारच्या दोन खिडक्यांत पस्तीस महिने सामाईक, मग या 85 साक्षी कशा? एकमेकींपासून खरोखर वेगळ्या अशा तीनच.

काकांच्या टिपणात शेवटी शार्पची एकच ओळ गेली, दोन्ही आकडे आणि काळ लिहून. तिच्याखाली त्या तीन वेगळ्या तुकड्यांत दोन्ही फंड सगळ्यात जास्त किती खाली गेले होते, ते रुपयांत लिहिलं. काकांनी आधी तोच रकाना वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, सहा लाख ब मध्ये टाका, उरलेल्यांची एफडी करतो.