दुधाच्या हिशोबात खाडे जुळत नसतील तर

दूधवाल्याच्या वहीत आणि आपल्या कॅलेंडरवर खाडे वेगळे निघाले, तर वाद बहुतेक वेळा सुट्टीच्या पहिल्या नि शेवटच्या दिवसाचा असतो. ‘१२ ते १५ दूध नको’ असा निरोप दिला की तो १३ आणि १४ एवढेच खाडे धरतो. म्हणून सगळं बिल अडवून ठेवू नका. वाद नसलेले पैसे लगेच द्या आणि सोबत चिठ्ठी द्या:

‘दादा, ऑक्टोबरचे दिवस ३१, रोज १ लिटर, भाव ६० रुपये. तुमच्या वहीत खाडे २, बिल १७४० रुपये. आमच्याकडे खाडे ४ : १२, १३, १४, १५. म्हणजे २७ लिटरचे १६२० रुपये सोबत दिले आहेत. फरक १२ आणि १५ तारखेचा, १२० रुपये. त्या दोन दिवशी दूध टाकलं होतं का, ते दूध टाकणाऱ्या मुलाला विचारून सांगा. टाकलं असेल तर पुढच्या बिलात धरा.’

चिठ्ठीत तारखा हव्यातच. नुसतं ‘दोन दिवस जास्त लावलेत’ म्हटलं तर त्याला वहीत शोधता येत नाही. दूध टाकणारा मुलगा वेगळा असेल, तर वही भरणाऱ्याला खाडा कळलेलाही नसतो. पुढच्या वेळी निरोप असा द्या : ‘१२ला सकाळपासून दूध नको, १६ला सकाळी चालू.’